एसटीडी कोडमधलं शून्य जातं कुठे?

मोंढ्यातल्या आडत दुकानांची यादी असो, की शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची. ती एक्सेलमध्ये उघडली आणि नांदेडचा ०२४६२ नुसता २४६२ दिसू लागला, की लोक म्हणतात फाइल करप्ट झाली, नाहीतर व्हायरस आला. हे निदान चुकीचं आहे, आणि चुकीचं असल्यामुळे उपायही चुकीचे होतात. फाइल धडधाकट असते. एक्सेलने तिच्यातल्या मजकुराला संख्या समजून घेतलेलं असतं, एवढंच.

समजा यादी अशी आहे:

```
गाव,पिन,एसटीडी
नांदेड,431601,02462
लातूर,413512,02382
छत्रपती संभाजीनगर,431001,0240
```

ही सीएसव्ही फाइल. तिच्यात फक्त अक्षरं, अंक आणि स्वल्पविराम असतात. कोणता रकाना मजकुराचा आणि कोणता संख्येचा, याची नोंद तिच्यात कुठेच नसते. फाइलवर डबल-क्लिक केलं की ते एक्सेल स्वतःच ठरवतं: सगळे अंक दिसले तर संख्या. मग तिसऱ्या रकान्यात २४६२, २३८२ आणि २४० उरतात. पिनचा रकाना मात्र शाबूत राहतो, कारण १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेल्या आपल्या पिन कोडची रचनाच अशी आहे की पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो. म्हणून आपल्याकडे पिनवरून हा दोष कुणाच्या लक्षात येत नाही. पण त्याच यादीत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या कुणाचा ०८८२० हा झिप कोड असेल, तर त्याचा ८८२० होतो.

आता मूळ प्रश्न. संख्या झाल्यावर शून्य लपतं की नष्ट होतं? नष्टच होतं, आणि ते का हे फार सुंदर आहे. एक्सेल प्रत्येक संख्या ६४ बिटांत साठवतं. त्याची पद्धत आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकाने ठरवून दिली आहे. २४० घ्या. द्विमान पद्धतीत ते 11110000 असं लिहिलं जातं. साठवताना ते सरकवून १.८७५ गुणिले १२८ या रूपात आणतात, म्हणजे १.८७५ गुणिले २ चा सातवा घात. सरकवण्याचा नियम असा की सुरुवातीला नेमका एक 1 आला पाहिजे. शून्य ही संख्या आणि काही अतिसूक्ष्म संख्या सोडल्या, तर प्रत्येक संख्येत तो 1 येणारच. आणि येणारच आहे, म्हणून तो साठवतसुद्धा नाहीत! एक बिट चिन्हाला, ११ बिट घाताला, आणि उरलेले ५२ बिट त्या पहिल्या 1 च्या पुढच्या भागाला. या मांडणीत डावीकडच्या शून्याला बसायला जागाच नाही. २४०, ०२४० आणि ०००२४० या तिघांचे ६४ बिट तंतोतंत एकच असतात. त्यामुळे नंतर त्या रकान्याचं फॉरमॅट Text केलं तरी शून्य परत येत नाही. परत यायला ते कुठे उरलेलंच नसतं.

संख्येच्या बाजूने पाहिलं तर यात काही गैर नाही. गैर आहे ते एसटीडी कोडला संख्या मानणं. नांदेड आणि लातूरच्या कोडची सरासरी काढून काही कळत नाही. ते अंकांत लिहिलेलं नाव आहे. मोबाईल नंबरातल्या अंकांची बेरीज करून तो शुभ की अशुभ हे सांगणारे, आणि त्यासाठी पैसे घेणारे, हीच चूक करतात. जे मोजमाप नाही त्याच्या बेरजेला अर्थ नसतो.

गेलेलं शून्य पुन्हा लावता येईल का, हे त्या नावाच्या रचनेवर अवलंबून आहे. झिप कोड नेहमी पाच अंकी, म्हणून चार अंकी दिसला तर पुढे शून्य हवं हे नक्की. एसटीडी कोडची लांबी मात्र सारखी नसते. `00000` असं फॉरमॅट दिलं तर नांदेड बरोबर येईल, पण संभाजीनगरचा ००२४० होईल. पुढे एकच शून्य असतं हे माहीत असल्यामुळे इथे `="0"&C2` हे सूत्र चालतं.

कोड आणि नंबर एकाच रकान्यात सलग लिहिले असतील तर गुंता वाढतो. शून्य वगळलं की आपला लँडलाइन नंबर बरोबर १० अंकी होतो, मोबाईलसारखाच. मराठवाड्यात तरीही तो ओळखता येतो. आपले सगळे कोड ०२ ने सुरू होतात आणि मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे १० अंकी नंबर २ ने सुरू झाला, तर तो शून्य गेलेला लँडलाइन. पण नांदेडची हद्द ओलांडून यवतमाळला गेलात की कोड ०७२३२. शून्य गेलं की नंबर ७ ने सुरू होतो, आणि पहिला अंक पाहून तो लँडलाइन की मोबाईल हे सांगता येत नाही. तिथे एसटीडी कोडची यादी घेऊन प्रत्येक नंबर ताडून पाहावा लागतो.

आणि +९१ लावलेले मोबाईल नंबर तर याहून वाईट अवस्थेत जातात. एक्सेल अधिक चिन्हाला गणितातलं चिन्ह समजतं, उरते १२ अंकी संख्या. ११ अंकांच्या वर गेलं की साध्या फॉरमॅटमध्ये ती `9.19423E+11` अशी दिसते. तोपर्यंत सेलमध्ये सगळे अंक असतात. पण तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की जे पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये लिहिलं जातं. त्या एका रूपात १० लाख वेगवेगळे नंबर बसतात. कुणाचा कोणता होता हे त्या फाइलवरून कुठल्याही सूत्राने काढता येणार नाही. म्हणून मूळ फाइल डबल-क्लिक करून उघडली असेल तर Ctrl+S दाबू नका, न सेव्ह करता बंद करा.

बरोबर रस्ता असा. आधी कोरं एक्सेल उघडा, Data मध्ये From Text/CSV घ्या, फाइल निवडा आणि Transform Data दाबा. एसटीडी आणि फोनच्या रकान्यांचा प्रकार Text करा. इथे एक प्रश्न विचारला जातो: Replace current की Add new step? Replace current च निवडा. एक्सेलने त्याआधीच आपल्या मनाने त्या रकान्याला संख्या करण्याची पायरी टाकलेली असते. नवी पायरी तिच्यानंतर लागते, तोवर शून्य गेलेलं असतं. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडतानाच खिडकी येते, तिच्यात रकाना निवडून Text सांगायचं. पायथनमध्ये काम करणाऱ्यांनी पँडासला सगळे रकाने मजकूरच समजायला सांगावं:

```
pd.read_csv("yadi.csv", dtype=str)
```

हे नाही केलं तर पँडासमध्ये पिन कोडचाही घोटाळा होतो. रकान्यात एखादी जागा रिकामी असली की ४३१६०१ चा `431601.0` होतो.

काम झाल्यावर तपासणी एक्सेलमध्ये करू नका. सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडली की बरोबर लिहिलेलं शून्यही पुन्हा जाताना दिसेल. ती नोटपॅडमध्ये उघडा, तिथे फाइलमध्ये जे आहे तेच दिसतं. एक्सेलच्या आत असताना सेलमधला मजकूर डाव्या कडेला आणि संख्या उजव्या कडेला लागते, ही खूणही उपयोगी आहे. मजकूर म्हणून आलेल्या कोडच्या सेलला कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल आणि त्यावर Convert to Number असा पर्याय येईल. तिथे Ignore Error निवडा.