सागाचं जुनं गोल टेबल इंग्रजीत कुठे अडतं?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या एखाद्या जुन्या घरातलं सामान विकायला निघालं, की त्याची जाहिरात हल्ली इंग्रजीत लिहावी लागते. घेणारा मुंबईचा असू शकतो, नाहीतर थेट परदेशातला. लिहिणारा टेबलाकडे बघत एकेक गुण टिपत जातो आणि वाक्य तयार होतं: ‘टीक राउंड ओल्ड ब्युटिफुल टेबल’. स्पेलिंग बरोबर, शब्दांचे अर्थ बरोबर, एकही शब्द गाळलेला नाही. तरी इंग्रजी मातृभाषा असलेला वाचक तिथे अडखळतो. त्याच्या कानाला हेच चार शब्द उलट्या क्रमाने हवे असतात: ‘अ ब्युटिफुल ओल्ड राउंड टीक टेबल’.

इंग्रजीत नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणांची रांग ठरलेली आहे. सर्वांत आधी बोलणाऱ्याचं मत, मग माप, मग वय, मग आकार, मग रंग, त्यानंतर वस्तू कुठली आहे ते, मग ती कशाची बनली आहे ते आणि अगदी नामाला चिकटून ती कशासाठी आहे ते. इंग्रज मुलाला हा क्रम शाळेत कोणी शिकवत नाही. तो ऐकून ऐकून अंगात मुरतो, आणि त्यामुळेच चुकलेला क्रम त्याला लगेच खटकतो, पण नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही.

आठ पायऱ्यांची यादी पाठ करता येते, पण ऐन वेळी ती आठवत नाही. त्यापेक्षा हा क्रम असा का पडला हे कळलं तर यादीची गरज बरीच कमी होते. ग्रेगरी स्कॉन्ट्रास, जुडिथ डेगेन आणि नोआ गुडमन या संशोधकांनी २०१७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २६ विशेषणं घेतली. ती दोन-दोन करून नामाआधी मांडली, तर कोणता क्रम जास्त स्वाभाविक वाटतो, हे इंग्रजीभाषकांना विचारलं. शिवाय प्रत्येक विशेषण किती व्यक्तिसापेक्ष आहे, हेही वेगळं तपासलं. त्याची एक कसोटी फार सोपी होती: एकाच वस्तूबद्दल एक जण ‘आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही’ म्हणतो, तर दोघंही बरोबर असू शकतात का?

ही कसोटी आपल्या टेबलाला लावून पाहा. टेबल सुंदर आहे की नाही यावर दोघांचं पटलं नाही, तर त्यात चूक कोणाचीच नाही. टेबल जुनं आहे का? घरच्यांना चाळीस वर्षांचं टेबल जुनं वाटतं, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला ते कालचं वाटतं. इथेही वादाला जागा आहे, पण सौंदर्याइतकी नाही. ते गोल आहे का? इथे जागा फारच थोडी उरते. आणि ते सागाचं आहे का? एक जण ‘हो’ म्हणाला आणि दुसरा ‘नाही’, तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय. सुतार बोलावला की निकाल लागतो. आता इंग्रजी क्रम पाहा: ब्युटिफुल, ओल्ड, राउंड, टीक. ज्या गुणावर वाद घालता येतो तो नामापासून लांब, ज्यावर घालता येत नाही तो नामाजवळ. अभ्यासातही हेच दिसलं. विशेषण जितकं व्यक्तिसापेक्ष, तितकं ते नामापासून दूर ठेवणं लोकांना पसंत होतं.

याचं कारण अर्थाच्या बांधणीत शोधता येतं. विशेषणांची रांग डावीकडून उजवीकडे वाचली जाते, पण तिचा अर्थ नामापासून बाहेरच्या बाजूला जमत जातो. ‘बिग टीक टेबल’ म्हणताना आधी ‘टीक टेबल’ एकत्र येतं आणि मग त्या सागवानी टेबलांच्या घोळक्यात ‘बिग’ कोणतं ते ठरतं. साग आहे की नाही यावर बोलणारा आणि ऐकणारा सहज सहमत होतात, म्हणून पहिली चाळणी भरवशाची असते. ‘मोठं’ कशाला म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तो शब्द शेवटी लावला, तर चूक होण्याची शक्यता एका छोट्या, आधीच चाळलेल्या घोळक्यापुरती राहते. हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारं आहे, कारण ते पायऱ्यांची नुसती नावं देत नाही, त्या पायऱ्या कशामुळे पडल्या ते सांगतं.

आता आपल्या अडचणीकडे येऊ. मराठीतही विशेषण नामाआधीच येतं, आणि साधी विशेषणं घेतली तर आपलाही कल तोच आहे. ‘सुंदर जुनं गोल लाकडी टेबल’ कानाला बरं वाटतं, ‘लाकडी गोल जुनं सुंदर टेबल’ विस्कटलेलं वाटतं. मग इंग्रजी लिहिताना चुकतं कुठे? चुकतं ते ‘चा-ची-चं’ लागलेल्या शब्दांपाशी. ‘तांब्याचा मोठा हंडा’, ‘पितळेची छोटी वाटी’, ‘सागाचं जुनं टेबल’ हे आपल्या तोंडी सहज येतं. पदार्थाचं नाव षष्ठीत गेलं की ते मोकळं होतं आणि बेधडक रांगेच्या पुढे जाऊन उभं राहतं. बडोद्यात तर घराबाहेर गुजरातीतही तेच कानावर पडतं: ‘तांबानो मोटो घडो’. दोन्ही भाषा एकाच बाजूला ओढतात आणि इंग्रजीत ‘कॉपर बिग पॉट’ उतरतं. इंग्रजीत मात्र पदार्थाला ही मोकळीक नाही. ‘कॉपर’ला ‘पॉट’जवळच राहावं लागतं: ‘अ बिग कॉपर पॉट’.

आणखी एक गुंता आहे. मराठीत मालक, गाव, पदार्थ आणि उपयोग या चारही गोष्टी एकाच प्रत्ययाने दाखवता येतात. इंग्रजीत मात्र त्यांच्या जागा दोन टोकांना आहेत. समजा, वर्णन असं आहे: ‘आजोबांचं सागाचं लिहायचं मोठं जुनं टेबल’. यात चा-ची-चंवाले तीन शब्द आहेत. प्रत्येकाला प्रश्न विचारायचा. ‘आजोबांचं’ म्हणजे कोणाचं? मालकी सांगणारा शब्द इंग्रजीत सगळ्यांच्या आधी येतो, आणि तो आला की ‘अ’ किंवा ‘द’ची गरज राहत नाही. ‘सागाचं’ म्हणजे कशाचं? हा शब्द शेवटाकडे जाणार. ‘लिहायचं’ म्हणजे कशासाठी? हा त्याच्याही मागे, थेट नामाला लागून. मध्ये उरलेले दोन साधे शब्द, मोठं आणि जुनं, आहेत त्याच क्रमाने बसतात. उत्तर मिळतं: ‘माय ग्रँडफादर्स बिग ओल्ड टीक रायटिंग टेबल’. मराठीत दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी असलेले शब्द इंग्रजीत शेवटी गेले, बाकी काही हललं नाही. दुरुस्ती बहुतेक वेळा एवढीच असते.

उपयोग सांगणारा शब्द इतका चिकट का, हे ऐकून कळतं. ‘रायटिंग टेबल’ म्हणताना जोर ‘रायटिंग’वर पडतो, कारण इंग्रजीभाषकासाठी तो जवळजवळ एकच शब्द आहे. मध्ये काही घुसवलं की अर्थच बदलू शकतो. ‘ओल्ड रॉकिंग चेअर’ ही जुनी झुलती खुर्ची. ‘रॉकिंग ओल्ड चेअर’ ऐकल्यावर मात्र एखादी जुनी खुर्ची आत्ता डुगडुगते आहे असं वाटतं. गिऱ्हाईक तिचा पाय मोडला आहे का, असं विचारेल.

रांगेची दोन टोकं अशी पक्की आहेत, पण मधला भाग तितका पक्का नाही. काही व्याकरणाच्या पुस्तकांत वय आधी आणि आकार नंतर दिलेला असतो, काहींत उलटं. विद्यार्थी यावरून भांडतात, पण इथे भांडण्यासारखं फारसं नाही. शिवाय क्रम मुद्दाम मोडताही येतो. दुकानात दोन जुनी टेबलं आहेत, एक चौकोनी आणि एक गोल, तर विक्रेता ‘राउंड’वर जोर देऊन ‘द राउंड ओल्ड टेबल’ म्हणू शकतो. जुनेपणा दोघांना आधीच माहीत आहे, निवड फक्त आकारावरून करायची आहे. हा जोर आवाजात दाखवता येतो. लेखी जाहिरातीत तो ऐकू येत नाही, म्हणून तिथे नेहमीचाच क्रम ठेवावा.

स्वल्पविरामाचा घोळही याच रांगेतून सुटतो. वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या शब्दांमध्ये सहसा स्वल्पविराम नको: ‘बिग ओल्ड टीक टेबल’ सरळ लिहायचं. दोन शब्द एकाच पायरीवरचे असले, त्यांची अदलाबदल चालत असली आणि मध्ये ‘अँड’ बसत असलं, तरच स्वल्पविराम द्यायचा: ‘अ अग्ली, अनकम्फर्टेबल चेअर’. दोन रंग असतील तर मात्र ‘अँड’च लागतो.

क्रम बरोबर असूनही जाहिरात फसते ती शब्दांच्या गर्दीने. बडोद्याजवळच्या संखेडा गावचे खराडी कारागीर सागवान कातून त्यावर लाखेचं रंगकाम करतात. तिथला एखादा हिंचका विकायचा आहे असं धरू. सगळे गुण रांगेत लावले तर होतं: ‘अ ब्युटिफुल लार्ज ओल्ड मरून अँड गोल्ड संखेडा टीक स्विंग’. व्याकरणात खोट काढता येणार नाही, पण वाचणाऱ्याला नामापर्यंत पोचेतो दम लागतो. इंग्रजीत नामाआधी दोन-तीन विशेषणं पुरे. बाकीची नामाच्या मागे न्यायची, आणि कोणती न्यायची हेही वादाच्या कसोटीवर ठरवता येतं. ‘लार्ज’ आणि ‘ओल्ड’वर घेणारा वाद घालू शकतो, म्हणून तिथे आकडा द्यावा. लाकूड आणि रंग ‘इन’ लावून मागे जातात. मग वाक्य असं होतं: ‘अ ब्युटिफुल संखेडा स्विंग इन टीक, लॅकर्ड इन मरून अँड गोल्ड, फाइव्ह फीट वाइड, अबाउट सिक्स्टी इयर्स ओल्ड’.

आकडा देताना एक जागा सांभाळायची. माप नामाच्या मागे असलं तर ‘फाइव्ह फीट वाइड’ आणि ‘सिक्स्टी इयर्स ओल्ड’, म्हणजे अनेकवचन. तेच नामाआधी आणलं तर शब्द जोडरेघेने बांधले जातात आणि एकवचनात जातात: ‘अ फाइव्ह-फूट-वाइड स्विंग’, ‘अ सिक्स्टी-इयर-ओल्ड स्विंग’. ‘अ सिक्स्टी इयर्स ओल्ड स्विंग’ ही आपल्याकडच्या इंग्रजी जाहिरातींत नेहमी दिसणारी चूक आहे.