ताटं चाटण्याच्या व्हिडिओची जन्मतारीख

मार्च २०२० संपत आला होता. टाळेबंदी लागून आठवडाही झाला नव्हता आणि दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या तबलिगी जमातच्या मेळाव्याची बातमी घराघरांत पोचली होती. त्याच दिवसांत एक छोटा व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला. खाली बसलेली काही मुस्लिम माणसं ताटं, चमचे, भांडी जिभेनं चाटून साफ करताहेत. सोबतचा मजकूर सांगत होता, की हे लोक कोरोना पसरवण्यासाठी मुद्दाम भांडी उष्टी करत आहेत.

अकरावी-बारावीच्या मुलांना समाजमाध्यमं कशी वाचायची हे शिकवताना मी दर वर्षी या व्हिडिओपासून सुरुवात करतो. त्यातली दृश्यं खरी आहेत, हे त्याचं पहिलं कारण. त्यात कुणी नट नाहीत, काही जोडलेलं-कापलेलं नाही. माणसं खरोखरच ताटं चाटताहेत. धर्मांविषयीच्या खोट्या पोस्टमध्ये हाच प्रकार फार आढळतो: चित्र खरं आणि त्याखालचं वाक्य खोटं. म्हणून मी मुलांना ‘व्हिडिओ खरा की खोटा’ असं विचारतच नाही. चित्र एका बाजूला ठेवा, वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवा आणि वाक्यातली कोणती गोष्ट चित्रात खरोखर दिसते ते सांगा, असं सांगतो. फळ्यावर दोन रकाने करतो. चित्राच्या रकान्यात येतं: माणसं, भांडी, चाटणं. वाक्याच्या रकान्यात येतं: निजामुद्दीन, २०२०, कोरोना, मुद्दाम. दुसऱ्या रकान्यातला एकही शब्द व्हिडिओत दिसत नाही. जागा, वेळ आणि हेतू हे तिन्ही बाहेरून आणून चिकटवलेले आहेत. हेतू तर कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.

त्यातली वेळ तपासणं सगळ्यात सोपं, म्हणून तिथून सुरू करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलवरची तारीख निरुपयोगी असते. फोटो किंवा व्हिडिओ तिथून पाठवला, की तो दाबून लहान केला जातो आणि कॅमेऱ्यानं आत लिहून ठेवलेली तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते. आपल्या गॅलरीत दिसते ती फाईल आपल्याकडे पोचल्याची तारीख. म्हणून चित्रावरूनच शोध घ्यावा लागतो. व्हिडिओ थांबवून तीन-चार वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्यायचे. त्यावर कुणी लाल गोल काढला असेल, मजकूर चिकटवला असेल, तर तो भाग कापून टाकायचा. उरलेलं चित्र गूगल लेन्स किंवा टिनआयला द्यायचं. मुलं हटकून चेहऱ्याचा शॉट निवडतात आणि हाती काही लागत नाही. हलणारा चेहरा पुसट असतो. त्यापेक्षा मागची भिंत, सतरंजीची नक्षी, भांड्यांची मांडणी स्पष्ट दिसणारा स्थिर क्षण घ्यावा. चित्र डावं-उजवं उलटं करूनही फिरवलं जातं, तेव्हा सापडलं नाही तर आरशासारखं पलटवून पुन्हा शोधावं.

पडताळणी करणाऱ्या पत्रकारांना त्या आठवड्यात याच वाटेनं तो व्हिडिओ सापडला. तो २०१८ सालीच इंटरनेटवर चढलेला होता. कोरोनाचे पहिले रुग्ण चीनमधल्या वुहानला डिसेंबर २०१९ मध्ये आढळले. जो आजार अजून जगाला माहीतच नव्हता तो पसरवायला कुणी ताटं चाटत असणं शक्य नाही. दावा इथेच कोसळतो.

इथे तर्काची एक बारीक गोष्ट आहे. जुनी प्रत सापडली, तर व्हिडिओ निदान तितका जुना आहे हे सिद्ध होतं. जुनी प्रत सापडली नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. तो नवा असेल किंवा शोधयंत्राला दिसला नसेल. माझे हुशार विद्यार्थीही इथे घसरतात आणि ‘सर, सापडला नाही, म्हणजे खरा आहे’ म्हणून मोकळे होतात.

तारीख मिळाली, तरी माझ्या मते अर्धंच काम झालं. कारण एक प्रश्न उरतोच: मग ही माणसं ताटं का चाटत होती? याचं उत्तर दिलं नाही, तर ‘कोरोनासाठी नसेल, पण काहीतरी किळसवाणं आहे’ ही भावना मनात राहते आणि खोटं अर्धवट जिवंत राहतं. तो व्हिडिओ दाऊदी बोहरा समाजाचा होता. मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला गेलेल्या कुणालाही बोहरा पुरुषांची पांढरी, सोनेरी काठाची टोपी आणि बायकांचा रंगीत रिदा ओळखता येतो. हे लोक एका मोठ्या थाळाभोवती साधारण आठ जण एकत्र जेवायला बसतात. चिमूटभर मीठ जिभेला लावून सुरुवात करतात. अन्नाचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्यांच्यात मोठा संस्कार आहे. उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायला समाजाची दाना कमिटी असते. ताट चाटूनपुसून स्वच्छ करणं हा त्याच संस्काराचा भाग. आपल्याकडेही ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत जेवायला बसतात आणि पानात टाकलं की आजी रागावते. आपली आजी आणि तो व्हिडिओ एकच गोष्ट सांगत होते.

आणखी एक गोष्ट धर्म माहीत असणाऱ्यालाच दिसते. दाऊदी बोहरा हे शिया मुसलमानांच्या इस्माइली शाखेतले. तबलिगी जमात ही सुन्नी, देवबंदी परंपरेतली चळवळ. दोघांची प्रार्थनास्थळं, धर्मगुरू, पेहराव वेगळे. एकाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या माथी मारणं तेव्हाच जमतं, जेव्हा पाहणाऱ्याच्या डोक्यात ‘मुसलमान’ नावाचा एकच गठ्ठा असतो. कपड्यांवरून काढलेला अंदाज पुरावा होत नाही, पण कुठे शोधायचं ते तो दाखवतो.

अशा वातावरणाचे परिणाम कोर्टापर्यंत गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातच्या परदेशी सदस्यांवर आपल्या राज्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असावं, असं निकालपत्रात नोंदवलं.

आता जिथे ही वाट उपयोगी पडत नाही, ते उदाहरण. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोर जिल्ह्यात बाहानगा बाजार स्टेशनाजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचा उंचावरून काढलेला एक फोटो फिरू लागला. रुळांशेजारच्या एका पांढऱ्या इमारतीवर बाण काढलेला आणि सोबत ‘काल शुक्रवार होता’ अशा अर्थाची एक ओळ. मशीद हा शब्द लिहायची गरजच पडली नाही, तो वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटला. हा फोटो जुना नव्हता. चित्रावरून शोध घेतला असता, तर त्याच अपघाताचे खरे फोटो मिळाले असते आणि पोस्टवरचा विश्वास उलट वाढला असता.

इथे वेळेऐवजी जागा तपासावी लागते. नकाशावर बाहानगा बाजार स्टेशन काढायचं, उपग्रहाचं दृश्य लावायचं आणि रुळांच्या कडेनं ती इमारत शोधायची. ती इस्कॉनचं मंदिर आहे. नकाशावरची नावं कुणीही भरू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. त्याच इमारतीचा जमिनीवरून, दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो मिळवायचा. त्यात मंदिराची शिखरं स्पष्ट दिसतात. उंचावरच्या पुसट फोटोत मात्र पांढरा गोलसर माथा एवढंच कळतं आणि बाण आपल्याला आधीच सांगून बसलेला असतो, की काय पाहायचं. अपुरं दिसलं, की मेंदू अपेक्षेनं ते पूर्ण करतो. मी वर्गात तोच फोटो आधी बाण काढून टाकून दाखवतो, तेव्हा त्या इमारतीकडे कुणाचं लक्षही जात नाही. ४ जूनला ओडिशा पोलिसांनी अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांना जाहीर इशारा दिला. पुढच्या चौकशीत अपघाताचं मूळ सिग्नल यंत्रणेच्या कामातल्या चुकांत निघालं.

दोन्ही उदाहरणांत बोट दुसऱ्याच्या धर्माकडे आहे. स्वतःच्या धर्माची खोटी स्तुती करणाऱ्या पोस्ट आपण त्याहून कमी तपासतो. नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर अजान ऐकू आली आणि त्यानं इस्लाम स्वीकारला, ही अफवा इतकी पसरली, की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला तिचा इन्कार आपल्या दूतावासांना कळवावा लागला. ‘सूर्यातून ओंकार निघतो, नासानं ध्वनिमुद्रण केलं’ हा निरोप आपल्याकडच्या गटांत दर काही महिन्यांनी उगवतो. सूर्यापासून इथवर ध्वनी येत नाही, कारण मधल्या पोकळीत त्याला माध्यम नाही. शास्त्रज्ञांनी सूर्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांची ४० दिवसांची नोंद ४२ हजार पट वेगानं चालवून ऐकण्याजोगा आवाज तयार केला होता. ती नुसती घुमणारी घरघर आहे. मजकुरात ओंकार वाचून मग ती ऐकली, तर ओंकार ऐकू येतो. बाणासारखंच.

खोडून काढताना एक धोका असतो. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी काही विधानं लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं वाचायला दिली. परत परत कानावर गेलेली विधानं, खरी असोत की खोटी, लोकांना अधिक खरी वाटू लागली. म्हणून ‘हे खोटं आहे’ लिहून मूळ व्हिडिओच पुढे पाठवणं घातक. लोक मजकूर विसरतात, व्हिडिओ लक्षात राहतो. पाठवायचंच असेल, तर ठळक अक्षरांत ‘खोटा दावा’ लिहिलेला स्क्रीनशॉट पाठवावा आणि खरी गोष्ट पहिल्या ओळीत यावी.

गेल्या वर्षी एका मुलीनं तास संपल्यावर विचारलं, ‘सर, पण हे आमच्या थोरल्या काकांनीच घरच्या ग्रुपवर टाकलंय. त्यांना कसं सांगू?’ आम्ही तिथेच बाकावर बसून उत्तर लिहिलं. ‘खोटं’, ‘अफवा’, ‘द्वेष’ हे शब्द तिनं स्वतःच खोडले. सगळ्यांसमोर न टाकता ते फक्त काकांना पाठवायचं ठरलं. शेवटी उरलं ते असं: ‘काका, तो ताटांचा व्हिडिओ बोहरा लोकांचा आहे, २०१८ चा. त्यांच्यात अन्न टाकत नाहीत, म्हणून ताट असं साफ करतात. जुना व्हिडिओ जिथे सापडला ते खाली दिलंय. वेळ मिळाला की बघा ना, आणि मग ग्रुपवर तुम्हीच सांगा सगळ्यांना.’