मुलाखतीतील वर्ज्य प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला विचारू नयेत असे प्रश्न. नव्या व्यवस्थापकांना मुलाखती घ्यायला बसवण्यापूर्वी मनुष्यबळ विभाग याविषयी छोटेखानी व्याख्यान ठेवतो. भारतीय कायद्यात अशा प्रश्नांची तयार यादी नाही. कायदा निवडीतला भेदभाव रोखतो. समान वेतन अधिनियम, १९७६ च्या कलम ५ ने भरती करताना स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही तशी तरतूद आहे. म्हणून ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न नुसता आगाऊपणाचा राहत नाही. उमेदवार नाकारली गेली, तर तोच तिच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो.

या विषयातला सर्वात बोलका खटला नीरा माथूर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ हा आहे. माथूर यांनी लेखी परीक्षा आणि मुलाखत पार केली, १९८९ मध्ये त्या परिवीक्षेवर रुजू झाल्या आणि प्रसूती रजेवर असताना त्यांना कमी करण्यात आले. भरतीच्या वेळी भरलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी शेवटच्या मासिक पाळीची तारीख चुकीची दिली, असे महामंडळाचे म्हणणे होते. न्यायालयाने तो फॉर्मच वाचला. पाळी नियमित येते का, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, असे रकाने त्यात होते. ते अपमानास्पद नसले तरी संकोचात टाकणारे नक्कीच आहेत, असा शेरा मारून न्यायालयाने ते काढायला लावले आणि माथूर यांना कामावर परत घ्यायला सांगितले. गरोदर उमेदवाराला प्रसूती रजा नाकारता येते का, यावर मात्र न्यायालयाने मत दिले नाही, कारण तो मुद्दा त्यांच्यापुढे आलाच नव्हता.

आजचे व्यवस्थापक असे फॉर्म काढत नाहीत. त्यांची गफलत गप्पांमध्ये होते. समजा, कामाला महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी आहे. ‘मूल लहान आहे, मग सांभाळणार कोण?’ हे फक्त बाईला विचारले जाते. रात्रपाळीचे वेळापत्रक समोर ठेवून ‘या वेळा जमतील का?’ असे प्रत्येक उमेदवाराला, त्याच शब्दांत विचारले की कामापुरते उत्तर मिळते. उमेदवाराने आपणहून घरची माहिती सांगितली, तर विषय पुढे वाढवू नये आणि गुणपत्रिकेतही ती लिहू नये. ‘नुकतेच लग्न झाले आहे’ हा शेरा पेन्सिलीने लिहिला तरी कागदावर उरतोच.

प्रकृतीबाबतही हाच नियम लावावा: ओझे उचलायचे काम असेल, तर ते जमेल का एवढेच विचारावे. नोकरीपूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

जातीबाबत कायदा तोकडा पडतो. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीतल्या भरतीला ते लागू होत नाही. आपल्याकडे तर जात थेट कोणी विचारतच नाही. आडनावावरून अंदाज लागला नाही की ‘मूळ गाव कुठलं?’ येते, आणि तेवढ्यावर भागले नाही तर ‘म्हणजे तुम्ही नक्की कुठले?’