सेंटेन्स मायनिंग

परकी भाषा शिकताना पुस्तकातून, मालिकेतून किंवा चित्रपटातून एकेक वाक्य उचलायचे आणि नवा शब्द त्या वाक्यासकट फ्लॅशकार्डावर उतरवायचा, या पद्धतीला सेंटेन्स मायनिंग म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम, पण प्रत्यक्षातले काम वेचण्याचे आहे, म्हणून मराठीत ‘वाक्ये वेचणे’ म्हटले तर ते जास्त नेमके बसते. जपानी शिकणाऱ्यांमध्ये ही पद्धत विशेष रुजली. पुण्यामुंबईत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तिचा उपयोग कसा होतो, हे एका क्रियापदावरून चांगले दिसते.

मराठीत आपण सदरा घालतो, टोपी घालतो, बूटही घालतो. जपानीत सदऱ्यासाठी ‘किरु’, टोपीसाठी ‘काबुरु’ आणि बूट, मोजे, पँट यांसाठी ‘हाकु’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. शब्दयादीत तिन्हींसमोर ‘घालणे’ असाच अर्थ येतो. तिन्ही कार्डे पाठ होतात आणि बोलायची वेळ आली की विद्यार्थी बूट ‘किरु’ करून मोकळा होतो. चष्म्याला ‘काकेरु’ लागते. हेच क्रियापद फोन करण्याला आणि कुलूप लावण्यालाही चालते, म्हणजे चष्मा लावणे, फोन लावणे, कुलूप लावणे ही आपली ‘लावणे’ची जागा ते जवळजवळ पूर्ण भरून काढते. मात्र जेवणावर सोया सॉस घालायलाही ‘काकेरु’च म्हणतात आणि तिथे मराठीची सोबत सुटते. या सीमा कोशातल्या एका ओळीत मावत नाहीत, पण वाक्यात आपोआप येतात.

वाक्य निवडण्याचा मुख्य नियम असा की त्यात अनोळखी गोष्ट एकच असावी. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी शिकणाऱ्याच्या पातळीच्या किंचित वरच्या मजकुरासाठी ‘आय प्लस वन’ अशी खूण वापरली होती. वाक्ये वेचणाऱ्यांनी ती एका वाक्यापुरती आणली. समजा, मालिकेत आई मुलाला म्हणते, ‘सोतो वा आत्सुइ कारा, बोओशि ओ काबुत्ते इकिनासाइ.’ ‘सोतो’ म्हणजे बाहेर, ‘आत्सुइ’ म्हणजे गरम, ‘बोओशि’ म्हणजे टोपी, हे प्राथमिक वर्गात झालेले असते. ‘इकिनासाइ’ म्हणजे ‘जा’, तेही माहीत असते. अडतो फक्त ‘काबुत्ते’. बाहेर गरम आहे, म्हणून टोपी ‘अमुक करून’ जा, इतके कळल्यावर उरलेली जागा ‘घालून’ने भरते. मराठी आणि जपानी वाक्यांचा क्रम इथे शब्दाला शब्द जुळतो, ‘काबुरु’चे ‘काबुत्ते’ आणि ‘घालणे’चे ‘घालून’ हेही जुळते. मराठी माणसाला जपानी वाक्य इंग्रजीच्या वाटेने समजून घ्यायची मुळीच गरज नसते.

कार्डाच्या पुढच्या बाजूला हे वाक्य जपानी लिपीत येते आणि नवा शब्द ठळक केलेला असतो. मागच्या बाजूला त्याचा उच्चार, मूळ रूप ‘काबुरु’, चार-पाच शब्दांत अर्थ, त्या संवादाचा आवाज आणि जमल्यास त्या क्षणाचे चित्र. संपूर्ण वाक्याचे भाषांतर शक्यतो लिहू नये, कारण ते समोर असले की डोळा तिकडेच धावतो. या कामासाठी बहुतेक जण डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये आणलेला अँकी हा प्रोग्राम वापरतात. तो प्रत्येक कार्ड वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणतो. ब्राउझरमध्ये योमितान हे जोडसाधन असेल, तर शिफ्ट दाबून शब्दावर माउस नेताच अर्थ दिसतो आणि एका क्लिकवर कार्ड तयार होते.

पहिले कार्ड पक्के झाले म्हणजे शब्द आला, असे मात्र नाही. काही आठवड्यांनी एखाद्या कादंबरीत ‘होकोरि ओ काबुत्ता होन’ असे वाचायला मिळते. ‘होकोरि’ म्हणजे धूळ, ‘होन’ म्हणजे पुस्तक. धूळ घातलेले पुस्तक? इथे ‘घालणे’ हा अर्थ कोसळतो आणि खरा अर्थ वर येतो: वरून येऊन झाकणारी वस्तू अंगावर असणे. टोपी डोक्यावर असते, धूळ पुस्तकावर. पांघरूण डोक्यावरून ओढून घेण्यालाही ‘काबुरु’ म्हणतात, आणि ‘त्सुमि ओ काबुरु’ म्हणजे दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेणे. अशा वाक्याचे दुसरे कार्ड जरूर करावे. पद्धतीचा खरा लाभ या दुसऱ्या कार्डात आहे.

सर्वात फसवा दोष म्हणजे वाक्याचा चेहराच पाठ होणे. ‘सोतो वा’ एवढे दिसले की पुढचे न वाचता ‘टोपी घालणे’ असे उत्तर येते. आपण शब्द ओळखला असे वाटते, पण ओळखलेले असते कार्ड. तपासायचे कसे? तोच शब्द एकटा कागदावर लिहावा किंवा अनोळखी वाक्यात वाचावा. तिथे अडखळला, तर कार्डाची रचना बदलावी: पुढे फक्त शब्द, आणि वाक्य मागे, अर्थ आठवून झाल्यावर पाहण्यासाठी. अनेक अनुभवी विद्यार्थी पुढे हीच रचना कायम ठेवतात आणि ती रास्त आहे.

दुसरा दोष लिपीचा. कांजीवर, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या जपानी अक्षरांवर, छोट्या अक्षरांत उच्चार दिलेला असेल तर डोळा कांजीकडे जातच नाही, म्हणून पुढच्या बाजूला तो नको. मराठी विद्यार्थ्याला देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याचा मोह होतो. तो सोयीचा आहे, पण स्वराची लांबी नीट दाखवली नाही तर ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी यांची सरमिसळ होते. मागच्या बाजूला काना ही उच्चार दाखवणारी जपानी लिपी आणि आवाज हेच ठेवावे.

मालिकेतून वेचताना सबटायटल जपानीच असावे. भाषांतरित सबटायटल संवादाचा आशय देते, शब्द देत नाही, आणि त्यावरून केलेल्या कार्डावर चुकीचा अर्थ चिकटून बसतो.

वेचण्याचा वेग पाहता पाहता हाताबाहेर जातो. रोज 10 नवी कार्डे घातली, तर काही महिन्यांत रोजची उजळणी साधारण 80 ते 100 कार्डांवर पोचते. रोज 30 घालणारा महिनाभर टिकतो आणि मग थकबाकी पाहून अँकी उघडणेच टाळतो. एखादे कार्ड 8 वेळा विसरले की अँकी मूळ मांडणीनुसार त्यावर ‘leech’, म्हणजे जळू, अशी खूण करतो. त्याच कार्डाशी झगडत बसण्यापेक्षा ते काढून टाकावे आणि तोच शब्द दुसऱ्या, छोट्या वाक्यातून घ्यावा. अगदी सुरुवातीला ही पद्धत चालत नाही, कारण प्रत्येक वाक्यात चार-पाच शब्द अनोळखी असतात. नेहमीचे हजार-दीड हजार शब्द तयार संचातून आधी करून घेतले की एकाच अनोळखी शब्दाची वाक्ये सापडू लागतात.

कार्ड वाचून अर्थ आठवणे ही ओळख आहे, बोलणे नव्हे. ‘काबुरु’ची चार कार्डे बिनचूक सोडवणारा विद्यार्थीही टोपीबद्दल बोलताना क्षणभर थांबतो. तो थांबा फक्त बोलून आणि लिहूनच जातो.