सुपर चॅट

थेट प्रक्षेपण चालू असताना प्रेक्षकाने पैसे भरून पाठवलेला, रंगीत पट्टीत ठळक दिसणारा संदेश. यूट्यूबने ही सोय 2017 मध्ये सुरू केली. मराठीत गेमिंग, क्रिकेटचर्चा, राजकीय विश्लेषण, कीर्तन अशा लाइव्हमध्ये ती सर्रास दिसते. भरभर वर सरकणाऱ्या चॅटमध्ये आपला प्रश्न हरवू नये, निवेदकाने नाव घेऊन उत्तर द्यावे, यासाठी प्रेक्षक पैसे मोजतो. रक्कम वाढते तसा पट्टीचा रंग बदलतो, संदेशाला जास्त अक्षरे मिळतात आणि तो चॅटच्या माथ्यावर जास्त वेळ टिकतो. सर्वांत लहान रकमांना माथ्यावर जागाच मिळत नाही, मोठ्या रकमेचा संदेश काही तासही राहू शकतो.

चॅनल यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात असेल आणि चालकाचे वय किमान 18 असेल तर सुपर चॅट घेता येते. लाइव्ह सार्वजनिक हवे आणि चॅट सुरू हवे. ‘मुलांसाठी’ अशी नोंद केलेल्या व्हिडिओवर चॅटच बंद असते. त्यामुळे बालगीतांच्या चॅनलला या उत्पन्नाचा रस्ता मुळातच नाही.

प्रेक्षकाने शंभर रुपये दिले म्हणजे चॅनलला सत्तर मिळाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. चॅनलचा वाटा 70 टक्के असतो हे खरे, पण तो स्थानिक कर आणि आयफोनवरील खरेदी असल्यास अ‍ॅप स्टोअरचे शुल्क वजा केल्यावर उरलेल्या रकमेचा. कार्डाचे व्यवहारशुल्क मात्र यूट्यूब स्वतः सोसते. उदाहरणादाखल, शंभर रुपयांत 18 टक्के जीएसटी धरलेला आहे असे मानू. कर काढल्यावर सुमारे 84.75 रुपये उरतात आणि त्याचे 70 टक्के म्हणजे 59.32 रुपये चॅनलच्या खात्यात जमा होतात. हेच शंभर रुपये आयफोनच्या अ‍ॅपमधून आले आणि अ‍ॅपलने 30 टक्के कापले, तर वाटणीला उरतात 59.32 आणि चॅनलला पोचतात 41.53 रुपये. म्हणूनच जाणते स्ट्रीमर प्रेक्षकांना ‘आयफोन असेल तर ब्राउझरमधून पाठवा’ असे सांगतात.

जमा झाले म्हणजे हातात आले असेही नाही. रक्कम गुगलच्या अ‍ॅडसेन्स खात्यात साठते आणि 100 डॉलरची मर्यादा ओलांडल्यावर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. छोट्या चॅनलला त्यासाठी कित्येक महिने थांबावे लागते. भारतात पैसे बहुधा परदेशातून थेट बँकेत येतात, त्यामुळे डॉलरचा दर आणि बँकेचे शुल्क ही आणखी एक कपात असते. न्यू जर्सीतल्या मराठी प्रेक्षकाने ब्राउझरमधून दहा डॉलर पाठवले, तर तिथला विक्रीकर नसल्यास चॅनलचे सात डॉलर होतात. अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर अमेरिकेचा करही कापला जातो. W-8BEN अर्ज भरून भारताशी असलेल्या करकराराचा लाभ घेतल्यास तो 15 टक्के असतो, म्हणजे उरतात 5.95 डॉलर. अर्जच भरला नसेल तर कपात याहून जास्त होते, आणि ती नुसत्या अमेरिकी उत्पन्नापुरती राहीलच असे नाही.

प्रेक्षकाला पैसे परत मिळाले, उदाहरणार्थ घरातल्या मुलाने आईच्या कार्डावरून न विचारता सुपर चॅट केले असेल, तर चॅनलचा वाटा पुढच्या हिशेबातून वळता होतो. उलट, चॅनलने अपशब्द असलेला पैसे भरलेला संदेश काढून टाकला, तरी पाठवणाऱ्याचे पैसे त्यामुळे आपोआप परत जात नाहीत. यावरून होणारे वाद लाइव्हमध्येच रंगतात.

यूट्यूबची कपात टाळण्यासाठी अनेक जण पडद्याच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर कोड लावतात. त्यात वाटणी नाही, शंभरचे शंभर थेट बँक खात्यात येतात. पेमेंट गेटवे वापरल्यास, त्याचा दर 2 टक्के असेल तर त्यावरील जीएसटी धरून 2.36 रुपये जातात आणि 97.64 उरतात. पण नुसत्या क्यूआरमधून संदेश पडद्यावर येत नाही. त्यासाठी प्रक्षेपण चालवणाऱ्या ओबीएससारख्या सॉफ्टवेअरला सूचना देणारी वेगळी सेवा जोडावी लागते, आणि तिचे शुल्क वेगळे असते. शिवाय कोड स्कॅन करणाऱ्याला खातेदाराचे नाव दिसते, यूपीआय आयडीत मोबाइल क्रमांक असेल तर तोही. टोपणनावाने खेळणाऱ्या मुलींसाठी हा धोका लहान नाही. ‘पैसे पाठवले, नाव घ्या’ म्हणून बनावट स्क्रीनशॉट दाखवणारेही असतात, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय आभार मानू नयेत. अशा रकमेला कुणी ‘भेट’ म्हटले, तरी लाइव्ह करून मिळवलेले पैसे करपात्र उत्पन्नातच धरले जातात, मग ते अ‍ॅडसेन्समधून येवोत की क्यूआरमधून.