तातडीची उद्घोषणा (रेल्वे स्थानक)

रेल्वे स्थानकाच्या ध्वनिक्षेपकावर उद्घोषणांची रांग लागलेली असताना एखादी निकडीची सूचना रांगेच्या तोंडाशी घालण्याची, आणि तरीही बाकीच्या उद्घोषणांची वेळ बिघडू न देण्याची पद्धत. फलाट ऐनवेळी बदलणे, आग, रुळांवर माणूस पडणे अशा प्रसंगी ती लागते.

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर एकच मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ऐकवतात. प्रत्येक भाषेला १५ सेकंद धरले तर एका उद्घोषणेला ४५ सेकंद लागतात. समजा, ६.४० वाजता एक उद्घोषणा नुकतीच सुरू झाली आहे आणि मागे चार थांबल्या आहेत. ६.४४ ला येणारी लोकल फलाट १ ऐवजी ४ वर येणार असल्याचे आत्ताच कळले. ही सूचना रांगेच्या शेवटी लावली, तर ती ६.४३ वाजून ४५ सेकंदांनी सुरू होईल. तोवर गाडी फलाटात शिरत असेल आणि माणसे जिन्यावर धावत सुटतील.

म्हणून चालू वाक्य पुरे होऊ देतात. शब्द मध्येच तोडला की ऐकणाऱ्याचे लक्ष तुटलेल्या शब्दाकडे जाते. आगीसारख्या प्रसंगी मात्र तो तोडलाच पाहिजे. मराठी वाक्य संपताच, ६.४० वाजून १५ सेकंदांनी, फलाटबदल सांगायला सुरुवात होते. तो दोनदा सांगितला की ६.४१ वाजून ४५ सेकंद होतात.

खरे कौशल्य यापुढे आहे. थांबलेली रांग जशीच्या तशी मागे ढकलली, तर गर्दीच्या वेळी उशीर साचत जातो. त्यामुळे प्रत्येक उद्घोषणेची वेळ रांगेतल्या जागेशी न बांधता तिच्या गाडीशी बांधतात आणि रांग पुन्हा तपासतात. अर्धवट राहिलेली उद्घोषणा ६.४१ ला सुटलेल्या गाडीची होती, ती रद्द. थांबलेल्या चारांपैकी एकीत त्याच लोकलसाठी ‘फलाट १’ असे आधी नोंदलेले आहे. ती काढलीच पाहिजे, कारण ती नंतर वाजली तर आधीची सूचना खोटी ठरेल. रूळ ओलांडू नका ही नेहमीची सूचना निवांत वेळेपर्यंत थांबू शकते. उरल्या दोन. त्या ६.४३ वाजून १५ सेकंदांनी संपतात, म्हणजे मूळ रांगेपेक्षाही लवकर.

ही तपासणी होत नसेल तर ते कानाला कळते: सुटून गेलेली गाडी ‘येत आहे’ म्हणून सांगितली जाते, किंवा एकाच गाडीचे दोन फलाट पाठोपाठ ऐकू येतात. इंडिकेटरवरचा आकडा त्याच क्षणी बदलला नाही तरीही गोंधळ होतो, कारण माणसे ऐकलेल्यापेक्षा दिसलेल्यावर भरवसा ठेवतात.

फलाटबदलाची सूचना वेळेत देणे हेही पुरेसे नसते. अरुंद पूल असलेल्या स्थानकावर चार मिनिटे आधी दिलेली सूचनासुद्धा शेकडो माणसांना एकाच जिन्यावर लोटू शकते. तिथे उद्घोषणेआधी जिन्यावर पोलीस उभे करावे लागतात.