अवघड जागेचं दुखणं, डॉक्टरांना कसं लिहायचं?

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण ज्याने केली त्याला नक्की इथेच दुखत असणार. सोलापुरात चादर-टॉवेलच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राने फॅमिली डॉक्टरांना आधी एवढंच लिहिलं होतं: 'खाली दुखतंय, गोळी सांगा.' खाली म्हणजे मूळव्याध, प्रोस्टेट, गळू, की दबलेली नस? डॉक्टरांना काय कळणार! मग आम्ही दोघांनी बसून मेसेज नव्याने लिहिला:

'डॉक्टरसाहेब, वय 46, शुगरची गोळी चालू आहे. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, उजवीकडे, सहा आठवड्यांपासून जळजळ होते. सकाळी उठल्यावर काही नसतं. दुकानात बसलं की अर्ध्या तासात सुरू होते, संध्याकाळपर्यंत दहापैकी सहा. स्कूटरवर लगेच वाढते. उभं राहिलं की उतरते. कमोडवर बसल्यावर मात्र त्रास नाही. रात्री झोपमोड होत नाही. ताप, सूज, पू नाही. लघवीला जळजळ नाही, ती अडतही नाही. शौचातून रक्त नाही. तिथे बधिरपणा नाही.'

कमोडचं वाक्य लिहायला त्याला लाज वाटत होती. पण सगळ्यात कामाचं वाक्य तेच. खुर्चीवर मधल्या जागेवरही दाब येतो; कमोडवर भार कडेने पेलला जातो आणि मधला भाग मोकळा राहतो. या भागाची संवेदना वाहणारी प्यूडेंडल नस बसण्याच्या हाडाच्या आतल्या बाजूने जाते. ती दबत असेल तर दुखणं बसल्यावर वाढतं, कमोडवर बरंच कमी होतं आणि सहसा झोपेतून उठवत नाही. फ्रान्समधल्या नांत शहरात 2006 साली तज्ज्ञांनी या आजाराचे निकष ठरवले, त्यांतही बसल्यावर वाढणं आणि रात्री जाग न येणं आहे. अर्थात एवढ्यावरून निदान होत नाही. डॉक्टर तपासतात, लघवीची तपासणी करतात, गरज पडली तर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेटही पाहतात.

मेसेजमधले 'नाही'ही तितकेच मोलाचे. मांडी घालून बसल्यावर जमिनीला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातली ताकद गेली, तर मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. ताप येऊन तिथे सूज वाढत असेल, कातडी काळसर पडत असेल, तर संसर्ग काही तासांत पसरू शकतो, आणि शुगरवाल्यांना त्याचा धोका जास्त. अशा वेळी मेसेज टाइप करत बसू नये, थेट कॅज्युअल्टी गाठावी.

मित्राला डॉक्टरांचा उलट प्रश्न आला: 'शौचाला कुंथावं लागतं का?' लागत होतं, दोन महिन्यांपासून. तेवढं मात्र आम्ही दोघेही लिहायला विसरलो होतो.